फोटो ‘वर’ जातात म्हणजे कुठे जातात, आणि १५ जीबी भरल्यावर काय होतं

मिरजेच्या मावशीचा गेल्या महिन्यात फोन आला. “अगं, माझे फोटो वर जाईनात. आणि पेन्शनचं काहीतरी मेलवर येणार होतं, तेही आलं नाही. दोन्ही एकदमच कसं बंद पडलं?” मावशीला हे दोन वेगळे बिघाड वाटत होते. प्रत्यक्षात बिघाड एकही नव्हता. तिच्या गूगल खात्यातली फुकट मिळणारी १५ जीबी जागा संपली होती, आणि फोटो व मेल दोन्ही त्याच जागेत राहतात.

ही गोष्ट बहुतेकांना तेव्हाच कळते, जेव्हा जागा भरलेली असते. म्हणून अँड्रॉइड फोन आणि गूगल फोटोज एवढंच धरून, बॅकअप सुरू करण्यापासून जागा संपेपर्यंतचा सगळा प्रवास इथे लिहिते आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत हीच जोडी असते.

आधी फोटो वर जातो म्हणजे काय होतं ते. तुम्ही फोटो काढला की त्याची फाईल फोनच्या स्टोरेजमध्ये, DCIM नावाच्या फोल्डरच्या आत Camera या फोल्डरमध्ये जाते. बॅकअप चालू असेल तर गूगल फोटोज ॲप त्या फाईलची एक प्रत इंटरनेटवरून गूगलच्या संगणकांवर पाठवतं आणि ती तुमच्या खात्याच्या नावावर ठेवतं. म्हणजे आता दोन प्रती झाल्या, एक फोनमध्ये आणि एक खात्यात. ॲप मात्र तुम्हाला एकच फोटो दाखवतं, दोन नाही. बघायला हे सोयीचं आहे, पण पुढे फोटो पुसायची वेळ आली की सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. तिकडे येऊच.

सुरुवात करताना

गूगल फोटोज उघडा, वर उजव्या कोपऱ्यातल्या तुमच्या गोल चित्रावर टॅप करा, तिथून Photos settings आणि मग Backup. सगळ्यात वरचं बटण चालू केलं की बॅकअप सुरू होतो. पण लगेच बाहेर येऊ नका. याच पानावरच्या चार गोष्टी बघितल्याशिवाय तुम्हाला हवा तो बॅकअप होईलच असं नाही.

पहिली म्हणजे खातं. बऱ्याच फोनमध्ये दोन-तीन गूगल खाती असतात. एक स्वतःचं, एक मुलाने शाळेच्या ऑनलाइन वर्गांसाठी टाकलेलं, एखादं ऑफिसचं. फोटो कोणत्या खात्यात जाणार ते या पानावर लिहिलेलं असतं. ऑफिसच्या किंवा शाळेच्या खात्यात घरचे फोटो जाऊ देऊ नका. नोकरी सुटली किंवा शाळा संपली की ते खातं बंद होतं, आणि त्याच्यासोबत आतलं सगळं जातं.

दुसरी म्हणजे दर्जा, Backup quality. Original quality ठेवलं तर फाईल जशीच्या तशी वर जाते. Storage saver ठेवलं तर फोटो दाबून लहान केला जातो. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर १६ वर आणला जातो, आणि व्हिडिओ १०८०पी पेक्षा मोठा असेल तर १०८०पी वर. भारतात Express नावाचा तिसरा पर्यायही दिसतो. त्यात फोटो ३ मेगापिक्सेलचा होतो आणि व्हिडिओ ४८०पी चा. हा पर्याय मी कुणालाच सुचवत नाही. आज फोनच्या पडद्यावर तो फोटो ठीक दिसेल, पण दहा वर्षांनी भिंतीवर लावायला मोठा छापून घ्यायचा म्हटलं तर त्यात काही उरलेलं नसेल. Storage saver मात्र घरगुती वापराला उत्तम आहे. १६ मेगापिक्सेलच्या फोटोची दोन फूट रुंदीपर्यंतची छपाई चांगली येते. लग्नाचे फोटो काढणं हा ज्यांचा धंदा आहे त्यांनी Original ठेवावं, बाकीच्यांनी Storage saver.

तिसरी गोष्ट आपल्याकडे सगळ्यात जास्त नडते, ती म्हणजे मोबाइल डेटा. सुरुवातीला हे ॲप सहसा वाय-फायची वाट बघत बसतं. ज्या घरात वाय-फाय आहे तिथे रात्री फोन चार्जिंगला लावला की काम आपोआप होतं. पण ज्यांचं सगळं मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर चालतं, त्यांच्या फोनवर बॅकअपचं बटण वर्षभर चालू असूनही एकही फोटो वर गेलेला नसतो. मी असे फोन पाहिले आहेत. बटण निळं दिसतं म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि ॲप बिचारं कधीच न येणाऱ्या वाय-फायसाठी थांबलेलं असतं. याच पानावर Mobile data usage मध्ये जा. तिथे दिवसाला किती डेटा वापरायचा ते ठरवता येतं आणि व्हिडिओंसाठी वेगळं बटण असतं. फोटो मोबाइल डेटावर जाऊ द्या, व्हिडिओ नको. रोजचा कोटा रात्री बारा वाजता संपणारच असतो, त्यामुळे अकराच्या सुमारास उरलेल्या डेटावर ॲप पाच-दहा मिनिटं उघडं ठेवलं तरी दिवसभराचे फोटो निघून जातात.

चौथी म्हणजे फोल्डर, Back up device folders. कॅमेऱ्याचा फोल्डर आपोआप घेतला जातो. WhatsApp Images, Screenshots, Download वगैरे फोल्डर तुम्ही चालू केले तरच घेतले जातात. ते बंदच ठेवा. त्यात गुड मॉर्निंगची फुलं, संकष्टीची चित्रं आणि एकच लग्नपत्रिका सात गटांतून आलेली असते. आणि एक बारकावा लक्षात ठेवा. अगदी तीच फाईल दुसऱ्यांदा आली तर गूगल फोटोज ती ओळखतं आणि परत घेत नाही. पण तुम्ही काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवलात की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. ती दाबलेली प्रत ही वेगळी फाईल झाली. दोन्ही फोल्डर चालू असतील तर एकाच क्षणाचे दोन फोटो खात्यात जाऊन बसतात आणि दोन्ही जागा खातात. व्हॉट्सॲपवर आलेला एखादा फोटो खरंच जपायचा असेल तर तो उघडून तेवढाच वर पाठवता येतो, त्यासाठी पूर्ण फोल्डर कशाला?

एवढं करून झाल्यावरही बॅकअप होतोय याची खात्री ॲपवर सोडू नका. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करून टाकतात. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये, ॲपच्या यादीत Photos शोधून, त्याच्या बॅटरीच्या पर्यायात निर्बंध काढून टाकावे लागतात. आणि खरी परीक्षा अशी की आज एक फोटो काढायचा आणि उद्या दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर, शेजारच्या लॅपटॉपवर सुद्धा चालेल, photos.google.com उघडून तो तिथे दिसतो का ते बघायचं. काम झालं की तिथून साइन आउट करायला विसरू नका. फोटो दिसला तर तो वर गेला आहे. हातातल्या फोनवर बघून हे कळत नाही, कारण तिथे तो फोनमधल्या प्रतीमुळेही दिसतोच.

पंधरा जीबीची एकच कणगी

पूर्वी गावाकडे घरात धान्याची कणगी असायची. ज्वारी काढणारे हात अनेक, कणगी एक. १५ जीबीचं तसंच आहे, फक्त इथे काढणारे नाहीत, भरणारे अनेक आहेत. जीमेलमधले सगळे मेल आणि त्यांना जोडलेल्या फाईली, गूगल ड्राइव्हमधली कागदपत्रं, गूगल फोटोजमधले फोटो आणि व्हिडिओ, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या गप्पांचा बॅकअप, हे सगळं त्याच १५ जीबीत मोजलं जातं. व्हॉट्सॲपचा बॅकअप पूर्वी मोजला जात नव्हता. तो मोजायला सुरुवात होणार हे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं आणि पुढच्या काही महिन्यांत ते लागू झालं. कित्येकांची जागा तेव्हापासून ‘अचानक’ भरली, त्याचं कारण हेच.

फोटोंचंही तसंच झालं होतं. २०१५ साली गूगल फोटोज आलं तेव्हा दाबलेल्या दर्जाचे फोटो कितीही ठेवा, पैसे नाहीत आणि मोजणीही नाही, असं होतं. १ जून २०२१ पासून ती सवलत थांबली. त्या तारखेपूर्वी दाबलेल्या दर्जात गेलेले फोटो आजही मोजले जात नाहीत. म्हणून जागा करायची म्हणून २०१८ चे असे दाबलेले जुने फोटो पुसत बसाल तर फोटो जातील, जागा मात्र हलणार नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण साफसफाई करताना माणूस स्वाभाविकपणे जुन्यापासून सुरुवात करतो.

१५ जीबीत किती मावतं? हल्लीच्या फोनचा साधा फोटो साधारण ३ ते ४ एमबीचा असतो, दाबल्यावर तो दीड-दोन एमबीपर्यंत येतो. म्हणजे नुसते फोटो असतील तर काही हजार सहज मावतात. जागा खाणारा खरा प्राणी म्हणजे व्हिडिओ. ४के मध्ये काढलेला व्हिडिओ अनेक फोनवर सेकंदाला सुमारे ६ एमबी घेतो. साठने गुणा, एका मिनिटाला ३६० एमबी. शंभर फोटोंइतकी जागा एका मिनिटात. नातीचा नाच काढताना कुणी मिनिटं मोजत नाही, मोजूही नयेत, पण कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ ४के ऐवजी १०८०पी वर ठेवला तर हाच आकडा निम्म्याहून खाली येतो आणि टीव्हीवर लावूनही फरक फारसा जाणवत नाही.

भरल्यावर काय होतं

मिरजेला गेले तेव्हा मावशीच्या फोनवर गूगल फोटोजच्या वरच्या भागात जागा संपल्याची सूचना दिसत होती. तिने ती रोज बाजूला सारली होती, कारण फोटो तर काढले जात होते आणि गॅलरीत दिसतही होते. हीच फसगत आहे. जागा भरली की कॅमेरा थांबत नाही, थांबतो तो बॅकअप. नवे फोटो फक्त फोनमध्ये जमत राहतात आणि फोन रिक्षात राहिला किंवा पाण्यात पडला तर ते गेले. मावशीचा शेवटचा वर गेलेला फोटो पाच महिन्यांपूर्वीचा होता. मधल्या काळात घरात एक बारसं आणि एक साखरपुडा झाला होता, आणि ते दोन्ही फक्त त्या एका फोनमध्ये होते. सगळ्यात आधी केबल लावून ते लॅपटॉपवर उतरवले, मगच बाकीचं बोलायला बसलो.

मेलचं तर याहून नाजूक आहे. जागा भरली की जीमेल नवे मेल घेत नाही आणि तुम्हाला पाठवताही येत नाहीत. ज्याने तुम्हाला मेल केला त्याला तो परत येतो. तुम्हाला मात्र काहीच दिसत नाही, कारण जो मेल आलाच नाही त्याची खबर कोण देणार? बँकेचं विवरण, गॅसच्या अनुदानाचा निरोप, रुग्णालयाचा अहवाल, नोकरीचं बोलावणं, यातलं काहीही असं परत जाऊ शकतं, आणि जागा केल्यावर ते आपोआप पुन्हा येत नाही. पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगावं लागतं. मावशीच्या पेन्शनच्या मेलचं तेच झालं होतं. ड्राइव्हमध्येही नवीन फाईल टाकता येत नाही.

जे आधीपासून आत आहे ते लगेच जात नाही, ते बघता येतं आणि उतरवूनही घेता येतं. पण गूगलच्या नियमांत एक मुदत आहे. खातं सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलं तर आतला मजकूर, म्हणजे मेल, ड्राइव्हमधल्या फाईली आणि फोटो, सगळंच काढून टाकलं जाऊ शकतं. त्याआधी सूचना येतात. त्या मेलवर आणि ॲपमध्ये येतात, म्हणजे ज्या माणसाने सूचना बाजूला सारायची सवय लावून घेतली आहे त्याच्याच हाती. विकतची जागा घेऊन १५ जीबीच्या बरंच वर गेलेल्या आणि मग पैसे भरायचे थांबवलेल्या माणसालाही हाच नियम लागतो. मोठी जागा बंद होते, मर्यादा पुन्हा १५ वर येते, आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू होतं.

मावशीचा हिशेब

लॅपटॉपवर मावशीच्या खात्याने one.google.com/storage उघडलं. कोण किती जागा खातंय ते या एका पानावर दिसतं, आणि काहीही पुसण्याआधी हे पान बघायलाच हवं. तिचं असं होतं: फोटोज ९.१ जीबी, व्हॉट्सॲपचा बॅकअप ३.६, जीमेल २.१, ड्राइव्ह ०.२. बेरीज बरोबर १५.

फोटोजचे ९.१ बघून मावशी म्हणाली, “बघ, एवढे फोटो काढते मी, कमी करायला हवेत.” पण photos.google.com/quotamanagement वर गेल्यावर वेगळंच दिसलं. या पानावर मोठे फोटो आणि व्हिडिओ, अस्पष्ट फोटो, स्क्रीनशॉट असे गठ्ठे वेगळे करून दाखवलेले असतात. मोठ्यांच्या गठ्ठ्यात पहिल्याच तीन ओळींत ४.४ जीबी होते. नातवाच्या स्नेहसंमेलनातला सात मिनिटांचा नाच, ४के मध्ये, २.५ जीबी. भाचीच्या लग्नातली वरात १.१. आणि खिशात फोन चालू राहिल्यामुळे चित्रित झालेला अंधार, ०.८. तिचा दर्जा Original वर होता, म्हणून हे सगळं जसंच्या तसं वर गेलं होतं. तिने काढलेल्या हजारो फोटोंनी मिळून जितकी जागा घेतली होती, तितकीच जवळपास या तीन फाईलींनी घेतली होती.

अंधार सरळ पुसला. नाच आणि वरात आधी लॅपटॉपवर उतरवली, तिथून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली, दोन्हीकडे चालवून शेवटपर्यंत बघितली, आणि मगच खात्यातून काढली. काढल्यावर त्या Trash मध्ये जातात, काही फोनवर याचं नाव Bin असतं. बॅकअप झालेल्या गोष्टी तिथे ६० दिवस राहतात. चुकून पुसलं तर तेवढ्या दिवसांत परत आणता येतं. आमच्याकडे प्रती असल्यामुळे तिथूनही लगेच काढल्या.

मग व्हॉट्सॲप. Settings, Chats, Chat backup, आणि त्यात Include videos चं बटण. ते चालू होतं, म्हणजे गटांमधून आलेला प्रत्येक विनोदी व्हिडिओ रोज रात्री तिच्या पंधरा जीबीत जाऊन बसत होता. ते बंद केलं आणि लगेच हाताने नवा बॅकअप घेतला. नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो, त्यामुळे ३.६ चे ०.९ झाले. गप्पा आणि फोटो तसेच राहिले. इतक्या कमी कष्टात एवढी जागा मोकळी करणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

जीमेलमध्ये शोधायच्या चौकटीत हे टाकलं:

```
has:attachment larger:10M
```

दहा एमबीपेक्षा मोठ्या फाईली जोडलेले सगळे मेल समोर आले. बहुतेक शाळेच्या निवृत्ती समारंभाच्या वेळी सहकाऱ्यांनी पाठवलेले फोटो होते. हवे ते ठेवले, बाकीचे पुसले, आणि जीमेलचा Trash रिकामा केला, कारण तिथे पडलेला मेलही मोजणीत धरला जातो. ०.४ जीबी सुटले.

४.४, २.७ आणि ०.४ मिळून ७.५. वापर १५ वरून ७.५ वर आला, आणि एकही हवा असलेला फोटो गेला नाही. पुढच्यासाठी दर्जा Storage saver केला आणि कॅमेऱ्यातला व्हिडिओ १०८०पी. मावशी महिन्याला अडीचशेच्या आसपास फोटो काढते. दोन एमबीने धरले तर अर्धा जीबी. म्हणजे नुसत्या फोटोंना पंधरा महिने पुरेल, मधे व्हिडिओ येणार हे धरून वर्षभर.

आधी Original दर्जात गेलेले फोटो नंतर दाबून घ्यायचीही सोय आहे. संगणकावर photos.google.com/settings या पानावर Recover storage असं मिळतं. ते वापरलं तर खात्यातल्या मूळ दर्जाच्या प्रती दाबल्या जातात आणि पुन्हा मूळ होत नाहीत. मावशीकडे ते केलं नाही. मूळ प्रती दुसरीकडे ठेवल्याशिवाय करू नये असं माझं मत आहे.

पुसणं आणि मोकळं करणं

आता त्या दोन प्रतींच्या गोंधळाकडे, कारण माणसं फोटो गमावतात ती जागा संपल्यामुळे कमी आणि जागा करायच्या घाईत जास्त.

फोन भरला की माणूस विचार करतो, फोटो तर वर आहेतच, मग इथले पुसू या. आणि गूगल फोटोज उघडून शंभर फोटो निवडून डिलीट करतो. पण त्या ॲपमध्ये साधं डिलीट म्हणजे दोन्ही प्रतींचं डिलीट. फोनमधली जाते, खात्यातली जाते, आणि त्याच खात्याने उघडलेल्या टॅबवरूनही फोटो दिसेनासा होतो. बॅकअपचं बटण नंतर बंद करून पुसलं तरीही हेच होतं. बटण फक्त नवे फोटो वर जाण्यावर चालतं, आधी गेलेल्याशी त्याचा संबंध नाही. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी असे गणपतीचे तीन वर्षांचे फोटो घालवले. त्यांना कळलं तेव्हा साठ दिवस उलटून गेले होते.

फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर त्यासाठी वेगळा रस्ता आहे. गोल चित्रावर टॅप केल्यावर Free up space नावाचा पर्याय दिसतो. जे फोटो वर पोचल्याची नोंद आहे तेवढेच तो फोनमधून काढतो, न पोचलेल्यांना हात लावत नाही. एकेका फोटोसाठी, फोटो उघडून तीन ठिपक्यांमध्ये Delete from device असतं. दोन्हींमध्ये खात्यातली प्रत शाबूत राहते. मात्र एक विसरू नका. दर्जा Storage saver असेल तर फोनमधली प्रत हीच एकमेव मूळ प्रत असते. ती काढली की मागे दाबलेली तेवढी उरते. आणि जागा भरून बॅकअप थांबलेला असताना Free up space वापरून खात्यातली जागा वाढत नाही. ते फोन मोकळा करतं, खातं नाही. ‘स्टोरेज फुल’ असं दिसलं की आधी बघायचं, भरलंय ते फोनचं की खात्याचं.

काही जण दुसरं खातं काढून नवे १५ जीबी मिळवतात. चालतं, पण खातं बदलताना फोनमध्ये असलेले सगळे फोटो नव्या खात्यात पुन्हा जायला लागतात, आधीच्या खात्यात गेलेले सुद्धा. म्हणून आधी जुन्या खात्यावर Free up space करून फोन रिकामा करायचा, मग खातं बदलायचं. तरीही वर्षांमागून खाती वाढत गेली की कुठला फोटो कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही, आणि न उघडलेलं खातं स्वतःच एक धोका असतो. त्यापेक्षा ज्या घरात चार-पाच फोन आहेत तिथे १०० जीबी विकत घेऊन ती घरात वाटून वापरणं मला बरं वाटतं. ही योजना भारतात बरीच वर्षं महिना १३० रुपयांना मिळत आली आहे, घरातल्या आणखी पाच जणांना त्यात सामील करून घेता येतं, आणि कुणाचे फोटो कुणाला दिसत नाहीत. फक्त जागा वाटली जाते. पैसे थांबवायचे झाले तर थांबवण्याआधी takeout.google.com वरून सगळं उतरवून घ्यायचं.

न उघडलेल्या खात्यांबद्दल. दोन वर्षं कुणी साइन इन केलं नाही तर गूगल ते खातं आतल्या फोटोंसकट काढून टाकू शकतं, मग जागा भरलेली असो वा नसो. मावशीच्या कपाटात काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जुना फोन होता, बॅटरी कधीच संपलेली. काकांना जाऊन दीड वर्ष झालं. त्या फोनमध्ये काय आहे याचा विचार तिने केला नव्हता. चार्जिंगला लावला, पॅटर्न तिला माहीत होता, गूगल फोटोज उघडलं तेव्हा त्यांच्या खात्यात शेतावरचे, कृष्णेच्या घाटावरचे, तिचेच न सांगता काढलेले कितीतरी फोटो निघाले. तेवढ्या वेळ खातं उघडलं गेलं म्हणजे मुदत पुढे गेली. तरी त्या रात्री आम्ही टेकआउट लावून झोपलो, आणि सकाळी झिप फाईली हार्ड डिस्कवर उतरवून एकेक उघडून बघितल्या.